लियोंच्या सहकाऱ्याला फ्रेंचमधून चुका कशा दाखवाव्यात?

प्रश्न : मी वारज्यात राहते आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत टीम लीड आहे. आमच्या टीममधले दोघं फ्रान्समध्ये, लियोंच्या ऑफिसात बसतात. अकरावी-बारावीत मार्कांसाठी फ्रेंच घेतलं, पुढं रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत राहिले आणि देल्फची बी-टू पातळी पास झाले. त्यामुळं त्या दोघांशी मी फ्रेंचमध्येच बोलते. रोजच्या कामात अडत नाही. पण परवा त्यांच्यातल्या धाकट्यानं चौदा पानांचा अहवाल पाठवला. सुटे भाग वेळेवर का येत नाहीत, असा विषय. मुलगा हुशार आणि कष्टाळू आहे. नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नाहीत. अहवालात मात्र मला तीन गोष्टी खटकल्या. निष्कर्ष थेट नवव्या पानावर आहे. तिथं सगळा दोष पुरवठादारांवर टाकलाय, पण त्याच्याच तक्त्यात २६पैकी ११ उशीर आमच्या स्वतःच्या मंजुऱ्या रखडल्यामुळं झालेले दिसतात. आणि सातव्या पानावर एका बिलाची रक्कम 12,500 k€ लिहिली आहे. के म्हणजे हजार, म्हणजे हे सव्वा कोटी युरो झाले! आमची वर्षाची खरेदीसुद्धा तेवढी नाही.

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं 'सँडविच' डोळ्यांपुढं ठेवून मी मेल लिहिला. रात्री दहाला घरून तो पाठवणार होते, पण हात थांबला. मेल असा आहे :

```
Très bon rapport, bravo !
Mais tu aurais dû mettre la conclusion au début.
Le tableau 3 et les chiffres ne sont pas clairs.
Merci de corriger tout ça.
Bon courage ! Cordialement
```

पोरगं खट्टू होऊ नये आणि अहवालही सुधारावा, यासाठी हे कसं लिहावं? आणि उलट त्यानं वादच घातला तर?

उत्तर : हात थांबला ते बरं झालं. मेलमधलं व्याकरण चोख आहे, पण त्याचा सूर तुम्हाला हवा तसा लागलेला नाही. गंमत म्हणजे तुम्ही जिथं साखर पेरली आहे तिथं ती विरघळून जाईल, आणि जी वाक्यं तुम्हाला साधी वाटतात ती टोचतील. एकेक ओळ घेऊ.

आधी तो 12,500चा आकडा यादीतून काढून टाका, कारण ती चूक नाही. फ्रान्समध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखवायला मध्ये थोडी जागा सोडतात. आपण जिथं टिंब देतो तिथं ते स्वल्पविराम देतात. म्हणजे त्यानं लिहिलेला आकडा साडेबारा हजार युरो आहे, सव्वा कोटी नव्हे. शेवटची दोन शून्यं नेमकेपणासाठी आहेत. 'आकडे स्पष्ट नाहीत' असं लिहून तुम्ही त्याच्या बरोबर असलेल्या गोष्टीवर काट मारली असती, आणि मग पुढच्या दोन खऱ्या मुद्द्यांवरचा त्याचा विश्वासही उडाला असता. अहवाल पुण्यातले लोकही वाचणार असतील तर 'आकड्यांच्या लेखनाबद्दल खाली एक टीप दे' एवढं सुचवा, पण ती सूचना म्हणून. दुरुस्ती म्हणून नको. परक्या भाषेतल्या अहवालात चूक दिसली की ती चूक आहे की तिकडची रीत आहे, हे आधी पाहून घ्यावं.

हीच कसोटी पहिल्या मुद्द्याला लावा. निष्कर्ष नवव्या पानावर का गेला? फ्रेंच शाळेत निबंध लिहायला शिकवतात तो एका ठरलेल्या चालीनं : प्रश्न मांडायचा, एक बाजू घ्यायची, मग तिच्या विरुद्धची, आणि शेवटी दोन्हींचा मेळ घालून निष्कर्षाला यायचं. जो निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात येतो, तो त्यांच्या लेखी पुराव्याशिवाय आलेला असतो. आपल्या कंपन्यांमध्ये अमेरिकी वळणाचे अहवाल चालतात, तिथं साहेबाला पहिल्या पानावर 'करायचं काय' ते हवं असतं. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यानं निष्काळजीपणा केलेला नाही. शाळेपासून जसं शिकवलं तसंच लिहिलंय. त्याला 'निष्कर्ष आधी टाकायला हवा होता' असं सांगणं म्हणजे त्याच्या सगळ्या मांडणीवर रेघ ओढणं. त्यापेक्षा मांडणी तशीच ठेवा आणि सुरुवातीला अर्ध्या पानाचा सारांश मागा. तुमचं काम होतं आणि त्याचं कामही वाया जात नाही.

म्हणजे तुमच्या तीन तक्रारींपैकी एक गळाली, एक साध्या मागणीवर आली. खरी चूक उरते ती एकच : पुरवठादारांवर टाकलेला सगळा दोष. मेलमध्ये मात्र नेमकी तीच कुठं दिसत नाही. 'तक्ता ३ स्पष्ट नाही' या वाक्यात ती लपली आहे. तक्ता तर अगदी स्पष्ट आहे; त्याच्यामुळंच तुम्हाला विसंगती सापडली.

आता सँडविच. इन्सिआड या फ्रान्समधल्या नामांकित व्यवस्थापन संस्थेत शिकवणाऱ्या एरिन मायर यांच्या 'द कल्चर मॅप' या २०१४च्या पुस्तकात, अमेरिकन साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्या एका फ्रेंच बाईंचा किस्सा आहे. साहेबानं आधी तोंडभर कौतुक केलं, मग सुधारणा सांगितल्या. बाई खूश होऊन बाहेर पडल्या, आणि साहेबाला वाटत राहिलं की आपलं म्हणणं पोचलं. मायर यांचं निरीक्षण असं, की फ्रेंच माणसं एरवी बरंच आडून बोलतात, पण चूक दाखवताना अमेरिकनांपेक्षा कितीतरी थेट होतात. त्यामुळं कौतुकाच्या दोन पोळ्यांमध्ये ठेवलेली टीका त्यांना एक तर दिसत नाही, किंवा दिसली की ते कौतुकच खोटं वाटायला लागतं.

याचं मूळ पुन्हा शाळेतच सापडतं. तिकडं मार्क वीसपैकी देतात आणि वीस क्वचितच कुणाला पडतात. बारावीसारखी जी बाकालोरेआ परीक्षा असते, तिच्यात १२ मार्कांपासून 'आसे ब्यां', १४पासून 'ब्यां' आणि १६पासून 'त्रे ब्यां' असा शेरा मिळतो. म्हणजे वीसात सोळा पडले की 'उत्तम'! ज्या मुलाच्या वह्या असे मोजून-मापून शेरे घेऊन परत आल्या, त्याला तुमचं उद्गारचिन्हासकटचं 'त्रे बों रापोर, ब्राव्हो!' आणि लगेच पाठोपाठ 'पण' हे एका माणसाचं बोलणं वाटणार नाही. त्याउलट तिकडचा साहेब 'पा माल', म्हणजे 'वाईट नाही', म्हणाला तर तो खुशाल घरी जाऊन सांगेल. आपल्याकडं एखाद्या पुणेकरानं मिसळ खाऊन 'बरी आहे' म्हटलं तर मालकानं काय समजायचं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा कौतुक कराच, पण विशेषणाऐवजी घटना सांगा. त्याच्या अहवालातलं काय तुमच्या उपयोगी पडलं, कुठल्या पानावरचं, कशासाठी? तुम्ही सोबत पाठवलेल्या अहवालात सहाव्या पानावर पुरवठादारानुसार उशिरांची केलेली वर्गवारी खरोखर नेटकी आहे. ती तुम्ही बैठकीत वापरली असेल तर तेवढंच लिहा :

```
Merci pour ton rapport. Le classement des retards
par fournisseur, page 6, m'a été utile en réunion.
J'ai deux points à revoir avec toi avant l'envoi.
```

तिसरं वाक्य महत्त्वाचं आहे. 'पाठवण्यापूर्वी दोन मुद्दे तुझ्यासोबत पाहायचे आहेत.' आकडा कळल्यामुळं त्याला समजतं की रान पेटलेलं नाही. 'पाठवण्यापूर्वी' म्हटल्यामुळं अहवाल जाणार आहे हे कळतं. आणि कौतुक व टीका यांच्यात 'पण' येत नाही. मोजून दोन मुद्दे म्हटल्यावर तिसरा काढू नका. उरलेलं किरकोळ काही असेल तर ते फाइलच्या समासात टिपा, आणि प्रत्येक टिपेपुढं ती आवश्यक आहे की नुसती सूचना आहे ते लिहा.

आता मुख्य टोचणी. 'त्यू ओरे द्यू'. तुम्ही हे लिहिलंत कारण पुस्तकात शिकवतात की संकेतार्थ वापरला की फ्रेंच सौम्य होतं. वर्तमानकाळाबद्दल ते खरं आहे. 'इल फो' म्हणजे 'केलंच पाहिजे', आणि त्याचं संकेतार्थी रूप 'इल फोद्रे' म्हणजे 'करायला हवं', हे नक्कीच मऊ आहे. पण तोच संकेतार्थ भूतकाळात नेला की उलटतो. 'त्यू ओरे द्यू' म्हणजे 'तू करायला हवं होतंस'. मराठीतही हे वाक्य कुणी प्रेमानं म्हणत नाही. वेळ गेलेली असते, दुरुस्तीला वाव नसतो, उरतो तो फक्त ठपका. 'त्यू ओरे प्यू', म्हणजे 'करू शकला असतास', हेही त्याच जातीचं. हाताखालच्या माणसाच्या कामाबद्दल लिहिताना ही दोन्ही रूपं वर्ज्य समजा. जे अजून बदलता येतं त्याच्याबद्दल भूतकाळात बोलायचंच कशाला?

दुसरी गोष्ट कर्त्याची. चूक सांगणाऱ्या वाक्याचा कर्ता माणूस ठेवू नका. पान, तक्ता, निष्कर्ष यांना कर्ता करा. एकदा कागद कर्ता झाला की मग तुम्ही बिनधास्त स्पष्ट लिहू शकता, आणि फ्रेंच माणसाला ती स्पष्टता रुचते. इथंच 'मे'च्या, म्हणजे 'पण'च्या, जागी एक छोटा शब्द कामाला येतो : 'ओर'. आधी एक विधान करायचं, मग 'ओर' म्हणून त्याला छेद देणारी वस्तुस्थिती ठेवायची, की वाचणारा निष्कर्ष स्वतःच काढतो. तर्कशास्त्रातल्या दुसऱ्या पायरीचा हा शब्द त्याला शाळेपासून ओळखीचा आहे. 'मे' आधीच्या कौतुकावर पाणी ओततो. 'ओर' पुराव्याकडं बोट दाखवतो. तुमचा मुख्य मुद्दा असा होईल :

```
Page 9, le rapport conclut que les fournisseurs
sont seuls en cause. Or, dans le tableau 3,
11 retards sur 26 viennent de nos validations.
La conclusion ne tient pas telle quelle.
À ton avis, qu'est-ce qui explique cet écart ?
```

तिसरं वाक्य वाचून तुम्ही दचकाल : 'निष्कर्ष आहे तसा टिकत नाही.' राहू द्या ते. ते गाळलंत तर त्याला वाटेल की तुम्ही एक शंका विचारली आहे, आणि तो निष्कर्ष तसाच ठेवून खाली एक तळटीप जोडून पाठवेल. 'आहे तसा' या शब्दांत दुरुस्तीची वाट मोकळी आहे. शेवटचा प्रश्नही केवळ शिष्टाचाराचा नाही. कदाचित त्याच्याकडं खरंच उत्तर असेल. त्या अकरा मंजुऱ्या रखडल्या, कारण पुरवठादारांनी कागदपत्रं अर्धवट पाठवली होती, असंही निघू शकतं. तसं असेल तर निष्कर्ष बरोबर आणि पुरावा अपुरा, असा सगळा रंग बदलतो. म्हणून हा मुद्दा आधी फोनवर, दोघांतच बोला आणि मग हा मेल पाठवा. मेलवर बाकीच्यांना, विशेषतः त्याच्या लियोंमधल्या साहेबाला, प्रत ठेवू नका.

'मेर्सी द कोरिजे तू सा' हे वाक्य तुम्हाला नम्र वाटलं, कारण सुरुवात 'धन्यवाद' या शब्दानं होते. फ्रेंच ऑफिसांत मात्र 'मेर्सी द' आणि पुढं क्रियापद ही हुकूम सोडायची रूढ पद्धत आहे. सूचनाफलकावरही तेच असतं : दार बंद ठेवण्याबद्दल धन्यवाद. रोजच्या बारीकसारीक कामाला ते चालतं. दोन आठवडे राबून लिहिलेल्या अहवालाबद्दल नाही. त्यात 'तू सा', म्हणजे 'ते सगळं', जोडल्यावर कागद झटकून टाकल्यासारखं होतं. मागणी वेगळी आणि नेमकी लिहा :

```
Il faudrait aussi ajouter en tête une synthèse
d'une demi-page. Je garde ton plan pour le reste.
Jeudi midi, heure de Lyon, ça te va ?
```

'मांडणी तुझीच ठेवते' हे वाक्य त्याला कौतुकाच्या दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगून जाईल. मुदतही अशी ठरवून घ्या. गुरुवार दुपार कुणाची, हे लिहिलं नाही तर उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा घोळ होतो.

इथं एक सापळा आहे. 'एव्हांत्युएलमाँ' हा शब्द इंग्रजीच्या सवयीनं 'अखेरीस' अशा अर्थानं येऊन बसतो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'जमल्यास' असा आहे. सारांश 'एव्हांत्युएलमाँ' जोड, असं लिहिलंत तर तो जोडणार नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

राहिला सूर. बी-टूची तयारी करताना औपचारिक पत्रांच्या लांबलचक समारोपांचा सराव होतो. ते सगळं इथं विसरा. नियम एकच : चूक दाखवायच्या दिवशी तुमची भाषा इतर दिवसांसारखीच असली पाहिजे. एरवी 'त्यू' म्हणत असाल तर आजही 'त्यू'च. अवघड मेल आहे म्हणून आदरानं 'वू' वर गेलात तर आदर वाटणार नाही, अंतर वाटेल. हे मराठी माणसाला पटकन कळतं. रोज 'अगं, ये ना' म्हणणाऱ्या सासूबाई एखाद्या सकाळी 'या हो, बसा तुम्ही' म्हणाल्या, तर सुनेला पोटात गोळा येतो तो काय उगाच? शेवटच्या 'कोर्दियालमाँ'चंही तेच. अनोळखी माणसाला तो सभ्य शब्द आहे. पण रोज तुम्ही 'बॉन जुर्ने' लिहून मेल संपवत असाल, तर आज अचानक आलेला 'कोर्दियालमाँ' थंडगार लागेल. आणि 'बों कुराज' शुभेच्छा म्हणून ठीक आहे, पण टीकेनंतर आला की 'आता भोग आपल्या कर्माची फळं' असा वास त्याला येतो. 'बॉन जुर्ने' बास.

वेळेचंही बघा. तुम्ही वारज्याला पोचून, जेवण उरकून रात्री दहाला मेल पाठवता तेव्हा लियोंमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. तो घरी निघालेला असतो किंवा निघायच्या बेतात असतो. फ्रान्सच्या कामगार कायद्यात जानेवारी २०१७पासून कामाच्या वेळेनंतर ऑफिसच्या संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काचा समावेश आहे, आणि लोक तो मानतात. रात्रभर एकट्यानं कुढायला लावणारा मेल संध्याकाळी किंवा शुक्रवारी पाठवण्यात शहाणपण नाही. आपल्या दुपारी दीडला पाठवा. तिकडं सकाळचे नऊ-दहा झालेले असतात, आणि शंका आली तर त्याला तुम्हाला लगेच फोन करता येतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : वाद घातला तर? घालू द्या. 'मी सहमत नाही' असं लिहून त्यानं तीन परिच्छेदांचं उत्तर पाठवलं तर तो दुखावलेला नाही; त्यानं तुमचा मुद्दा गंभीरपणे घेतलाय. फ्रेंच ऑफिसात मतभेद मांडणं हा कामाचाच भाग मानतात. त्याच्या मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर द्या, आणि पटलं तर तसं लिहा. काळजी करायची ती वेगळ्या उत्तरांची. नुसतं 'ब्यां नोते', म्हणजे 'नोंद घेतली', एवढंच आलं आणि तो एरवी मोकळेपणानं लिहिणारा असेल, तर एक फोन करा. 'कॉम त्यू व्ह', 'तू म्हणशील तसं', असं आलं तर फोन त्याच दिवशी करा. तो माणूस अहवालातून अंग काढून घेतोय, आणि आता जे दुरुस्त होऊन येईल ते तुमचं मत असेल, त्याचं काम नसेल.

हे सगळं फ्रान्समधल्या माणसाला धरून लिहिलंय. उद्या हाच मेल माँट्रियलच्या सहकाऱ्याला लिहायची वेळ आली, तर तिथली भाषा फ्रेंच असली तरी ऑफिसची रीत बरीचशी उत्तर अमेरिकेची असते. तिथं सुरुवातीला थोडं जास्त कौतुक चालतं आणि 'टिकत नाही' हे वाक्य जरा मवाळ करावं लागतं. आणि लियोंचा प्रत्येक माणूसही सारखा नसतो. तुमचा सहकारी बुजरा असेल तर फोनवरचं बोलणं जास्त आणि मेल आणखी छोटा ठेवा.

गुरुवारी सुधारलेला अहवाल आला की त्याच दिवशी उत्तर द्या, आणि काय बदललं ते नाव घेऊन सांगा : सारांश स्पष्ट झालाय, मंजुऱ्यांचा भाग आता पटतो, मी पुढं पाठवते. कौतुकाची खरी जागा ती आहे. पहिल्या मेलमध्ये वाचवून ठेवलेलं 'त्रे ब्यां' अहवाल खरंच तसा झाला असेल तर तिथं खर्च करा; त्या वेळी तो त्यावर विश्वास ठेवेल.